पहिल्यांदा मॉश पिटमध्ये उतरणार असाल तर

मेटल किंवा हार्डकोर गिगला पहिल्यांदा जाणारा माणूस बहुतेक वेळा चुकीच्या गोष्टीला घाबरतो. मध्ये एकमेकांवर आदळणारी, धावणारी, हात फिरवणारी पोरं बघून त्याला वाटतं की खरा धोका तिथे आहे, म्हणून तो तिथून लांब, पार पुढे बॅरिकेडला चिकटून उभा राहतो. प्रत्यक्षात मधल्या त्या धक्काबुक्कीच्या जागेत, म्हणजे मॉश पिटमध्ये, मुका मार लागतो, कधी ओठ फुटतो, चष्मा जातो. जीव जाण्याच्या मोठ्या घटना मात्र जगभर पुढच्या दाटीत झाल्या आहेत, जिथे कुणी कुणाला मुद्दाम धक्काही देत नव्हतं.

फरक मोकळ्या जागेचा आहे. पिट चालतो कारण आत जागा असते: धक्का बसला की तुम्ही दोन पावलं लांब फेकले जाता आणि धक्क्याचा जोर तिथेच संपतो. पुढच्या दाटीत फेकलं जायला जागाच नसते, म्हणून मागून आलेला प्रत्येक रेटा पुढच्याच्या बरगड्यांवर साचत जातो. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे हीच एक गोष्ट आहे.

मुंबई-पुण्यातल्या क्लबमधल्या गिग, मोठे मैदानी फेस्टिव्हल आणि बाहेरच्या बँडचे कॉन्सर्ट, तिन्ही ठिकाणी उभं राहून जे कळलं ते क्रमाने लिहितो आहे.

१. निघण्यापूर्वी: काय घालायचं, काय न्यायचं

पायात लेसचे, पुढून बंद बूट हवेत. सँडल, चप्पल, क्रॉक्स नको. पहिल्याच गाण्यात कुणाची तरी टाच तुमच्या अंगठ्यावर येणार आहे. लेस दुहेरी गाठ मारून टोकं बुटाच्या आत खुपसा. खिळे लावलेले पट्टे, मोठी अंगठी, लोंबते कानातले आणि गळ्यातली चेन घरी ठेवा. खिळ्यांचा पट्टा फोटोत छान दिसतो, पण पिटमध्ये तो दुसऱ्याच्या गालावर ओरखडा काढतो. लांब केस घट्ट बांधा, नाहीतर ते कुणाच्या तरी शर्टाच्या बटणात अडकतात. चष्मा असेल तर मागून बांधायची रबरी दोरी मिळते, खेळाच्या सामानाच्या दुकानात विचारा.

बरोबर ठेवायच्या गोष्टी:

- तिकिटाचा क्यूआर कोड, स्क्रीनशॉट काढून. गेटवर हजारो लोक एकत्र आले की नेट हमखास झोपतं.
- फोटो असलेलं मूळ ओळखपत्र. दारू मिळणाऱ्या क्लबमध्ये वयाची अट असते आणि ती तिकिटावर लिहिलेली असते. झेरॉक्सवर दारावरचा माणूस ऐकेलच असं नाही.
- कानात घालायचे इअरप्लग, दोन जोड्या.
- थोडी रोकड आणि एका माणसाचा नंबर कागदावर लिहून खिशात. फोन फुटला तर तोंडपाठ नंबर कुणाचाच नसतो.
- चेन असलेला खिसा. पाकीट मागच्या खिशात ठेवाल तर ते परत मिळेल याची खात्री नाही.

पाठीवरची सॅक आत नेऊ नका. क्लोकरूम नसेल तर सॅकच आणू नका. पिटमध्ये सॅक घातलेला माणूस वळला की मागच्याच्या तोंडावर आपटतो, आणि कुणी पट्टा धरला तर तोच उताणा पडतो.

दोन तास आधी पोटभर पण हलकं खा आणि दिवसभर पाणी प्या. बाटली गेटवर काढून घेतात, म्हणून आत गेल्यावर पाणी कुठे मिळतं ते पहिल्यांदा बघून ठेवा. पिटमध्ये चक्कर येऊन बाहेर काढलेल्यांत उपाशीपोटी बिअर प्यायलेले बरेच असतात.

२. कानांचं काम आधीच करा

८५ डेसिबल आवाजात साधारण आठ तास राहिलं तर कानाला धोका नसतो असं धरलं जातं. त्यावर दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला हिशेब पंधरा मिनिटांवर येतो, आणि मेटल गिगमध्ये स्पीकरजवळ १०० सहज ओलांडतात. तीन बँडची रात्र म्हणजे किमान तीन तास. उरलेलं गणित तुम्हीच करा.

औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे प्लग पुरेसे आहेत, पण ते बहुतेक लोक चुकीचे घालतात. नुसते दाबून बसवलेले प्लग कानाच्या तोंडाशीच राहतात. प्लग बोटांत लाटून बारीक सुरळीसारखा करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. फुगला की तो जागेवर बसतो. स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा येऊ लागला की नीट बसला असं समजा.

फोमचे प्लग वरच्या पट्टीचे सूर जास्त खातात, त्यामुळे गिटार दबलेली वाटते. नियमित जाणार असाल तर संगीतासाठी बनवलेले फिल्टरवाले सिलिकॉनचे प्लग घ्या. सगळा आवाज सारखा कमी होतो. पिटमध्ये धक्क्याने प्लग पडतो, म्हणून वर दोन जोड्या सांगितल्या.

३. आत गेल्यावर मैदान वाचा

पहिला बँड सुरू होण्याआधी एक फेरी मारा. बाहेर पडायची दारं किती आणि कुठे, बाथरूम कुठे, पाणी कुठे, प्राथमिक उपचाराचा टेबल कुठे हे बघा. मंचासमोर लोखंडी बॅरिकेड आहे का, आणि त्याच्या आणि मंचाच्या मध्ये सिक्युरिटीला उभं राहायला मोकळी पट्टी आहे का, हे मुद्दाम पाहा. त्या पट्टीतले लोक घुसमटलेल्यांना वरून उचलून बाजूला काढतात. छोट्या क्लबमध्ये बॅरिकेड नसतो, मंचही गुडघ्याएवढाच. तिथे पहिल्या रांगेतले लोक मॉनिटर स्पीकरवर पडतात, म्हणून पहिली रांग तुमच्यासाठी नाही.

पिट सहसा मंचापासून थोडा मागे, मध्यभागी उघडतो. गायक हाताने गोल करून दाखवतो किंवा ब्रेकडाउन जवळ येतं, म्हणजे गाणं एकदम संथ आणि जड होणार असतं, तेव्हा मध्ये रिकामं वर्तुळ तयार होतं. ज्यांना आत जायचं नाही त्यांच्यासाठी दोन्ही कडेच्या आणि ध्वनितंत्रज्ञाच्या टेबलाजवळच्या जागा उत्तम. आवाजही त्या टेबलाजवळच सगळ्यात नीट लागतो, हे अनेक जुन्या चाहत्यांचं गुपित आहे.

मित्रांशी भेटायची जागा ठरवा. "स्टेजच्या डावीकडे" असं नको. डावीकडे कुणाच्या, यावर वाद होतात. मर्चंडाइजचा टेबल, पाण्याचा काउंटर, असं एखादं ठिकाण आणि एक वेळ ठरवा.

४. कोणता पिट चाललाय ते ओळखा

सगळे पिट सारखे नसतात आणि प्रत्येकाची शिस्त वेगळी असते.

साधा मॉश म्हणजे धक्काबुक्की: खांदे, दंड आणि उघडे तळवे. नवख्याने इथून सुरुवात करावी. सर्कल पिटमध्ये सगळे एकाच दिशेने धावतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी मेटल कॉन्सर्टचे व्हिडिओ तपासून २०१३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात साध्या मॉशमधली माणसं वायूच्या रेणूंसारखी सैरावैरा आदळतात आणि सर्कल पिटमध्ये भोवरा तयार होतो असं दाखवलं होतं. भोवरे जवळजवळ सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरत होते. आपल्याकडेही तेच दिसतं. तेव्हा आत शिरताना लोक कोणत्या बाजूला धावताहेत ते बघा आणि त्यांच्याच दिशेने, कडेवरून तिरकं शिरा.

वॉल ऑफ डेथ म्हणजे गर्दी दोन भागांत फुटते आणि इशाऱ्यावर समोरासमोर धावून येते. पहिल्या वर्षी यात पुढच्या रांगेत उभं राहू नका. नाव ऐकून वाटतं तेवढं भयंकर नाही, पण डोक्याला डोकं आपटतं ते इथेच.

हार्डकोरच्या गिगला हात-पाय हवेत फिरवत नाचणारे लोक असतात. ते कुणाला लक्ष्य करत नाहीत, पण त्यांचं तुमच्याकडे लक्षही नसतं. त्यांच्या हाताच्या टप्प्याबाहेर राहा, आणि कडेला उभे असाल तर हात छातीसमोर ठेवा. फोनवर शूट करत काठावर उभा असलेला माणूस इथे हमखास मार खातो आणि मग भांडतो.

५. आत कसं शिरायचं, कसं राहायचं

पहिल्या गाण्याला काठावर उभे राहा. काठावरच्या लोकांचं एक काम असतं आणि ते नकळत सगळे करतात: आतून फेकला गेलेला माणूस उघड्या तळव्यांनी अडवायचा आणि हळूच परत आत सोडायचा. दोन-तीन जणांना असं झेललंत की धक्क्याचा जोर किती असतो याचा अंदाज येतो.

मग आत. गुडघे किंचित वाकलेले, पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, हात छातीसमोर, कोपरं अंगाजवळ. हनुवटी खाली. कुणाला मुद्दाम कोपर, मूठ किंवा लाथ मारणं कुठल्याच पिटमध्ये चालत नाही. जो हे करतो त्याला गर्दीच बाहेर काढते, अनेकदा सिक्युरिटी यायच्या आत. पाठमोऱ्या माणसाला ढकलू नका, त्याला येणारा धक्का दिसत नसतो. तुमच्यापेक्षा खूप लहान चणीच्या माणसाला तुमच्या पूर्ण वजनाने धडकू नका. शंभर किलोच्या पोराने पंचेचाळीस किलोच्या मुलीवर उडी मारण्यात मर्दुमकी नाही.

आणि जो आत नाही त्याला आत ओढायचं नाही. काठावर हाताची घडी घालून उभा असलेला माणूस गाणं ऐकायला आलाय. मित्राला "मजा येईल रे" म्हणत ढकलणारे लोक पिटमधल्या भांडणांचं सगळ्यात मोठं कारण आहेत, असं माझं मत झालं आहे.

एक-दोन गाण्यांनंतर बाहेर या, पाणी प्या, श्वास घ्या. बाहेर यायचं असेल तेव्हा हात वर करून काठाकडे तिरकं चालत राहा, लोक वाट देतात. लेस सुटली असेल तर आत वाकू नका. बाहेर या, किंवा शेजारच्याच्या खांद्यावर थाप मारून बुटाकडे बोट दाखवा. तो दोन माणसांना घेऊन तुमच्याभोवती उभा राहील. विचित्र वाटतं, पण हे खरंच घडतं.

हरवलेल्या वस्तूंचंही तसंच. फोन, पाकीट, बूट, चष्मा, काहीही सापडलं की ते उंच धरून उभं राहायचं. फोन असेल तर टॉर्च लावून. गाणी संपता संपता एकच बूट हातात धरून उभा असलेला कुणीतरी हमखास दिसतो. सेट संपेपर्यंत मालक आला नाही तर वस्तू बार काउंटरवर किंवा मंचाच्या कडेला द्या.

६. कुणी पडलं तर

पिटचा एकच अलिखित नियम सगळीकडे पाळला जातो: पडलेल्याला उचलायचं, लगेच. पण घाईत बहुतेक लोक नुसता हात ओढतात आणि खांदा निखळवतात. क्रम असा ठेवा.

समजा तुमच्यासमोर एक पोरगा घसरून पडला. आधी त्याच्याकडे नाही, येणाऱ्या गर्दीकडे बघा. गर्दीच्या आणि त्याच्या मध्ये उभे राहा, हात पसरा, जोरात ओरडा. शेजारचे दोघे आपोआप तसंच करतात आणि तीन-चार सेकंदांत त्याच्याभोवती कडं तयार होतं. आता दोघांनी दोन बाजूंनी काखेत हात घालून एकदम वर उचला. मनगट किंवा शर्ट धरू नका. उभा राहिला की सोडू नका, डोळ्यांत बघून विचारा, "ठीक आहेस?" मुंबईच्या गिगला हा प्रश्न बहुधा "भाई, ओके?" असा येतो. अंगठा वर केला, हसला, तर सोडा. उत्तर उशिरा आलं, नजर भिरभिरली, पाय डगमगले तर दोघांनी खांद्याला धरून काठाबाहेर न्या. त्याने "नको, मी ठीक आहे" म्हटलं तरी न्या.

पडलेला माणूस हलत नसेल, उत्तर देत नसेल किंवा मान दुखते म्हणत असेल तर उचलू नका. कडं मोठं करा, दोन्ही हात डोक्यावर गुणिलेच्या चिन्हासारखे धरून मंचाकडे आणि ध्वनितंत्रज्ञाकडे दाखवा, सगळ्यांनी दाखवा, फोनचे टॉर्च लावा. बँड थांबतो. गाणं मध्येच तोडायला लावलं म्हणून कुणी रागावत नाही. तो श्वास घेतोय का ते बघा. घेत नसेल तर प्रशिक्षण असलेला माणूस येईपर्यंत थांबू नका, छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. दरम्यान कुणीतरी ११२ किंवा १०८ ला फोन करायचा. "कुणीतरी करा" असं न ओरडता एका माणसाकडे बोट दाखवून त्यालाच सांगा.

डोक्याला मार लागलेल्याकडे पुढचे काही तास लक्ष ठेवावं लागतं. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेची गुंगी, यातलं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल. त्याला एकट्याने रिक्षात बसवून घरी पाठवू नका. दात पडला तर तो मुळाकडून नाही, वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, दुधात ठेवा आणि तासाभरात दंतवैद्याकडे पोचा. दूध नसेल तर दात त्याच माणसाच्या थुंकीत ठेवला तरी चालतो.

७. पिट आणि चेंगराचेंगरी यांतला फरक ओळखा

हा भाग सगळ्यात नीट वाचा.

एका चौरस मीटरमध्ये तीन-चार माणसं असतील तर तुम्ही वळू शकता, हात वर करू शकता. पाच झाली की सगळ्या बाजूंनी अंग लागतं. सहा-सातच्या पुढे गेलात की माणसं स्वतःच्या मर्जीने हलत नाहीत, गर्दी पाण्यासारखी हलते आणि मागे कुठेतरी सुरू झालेला रेटा लाटेसारखा पुढे येतो. संध्याकाळची विरार फास्ट पकडणाऱ्यांना ही घनता अंगवळणी पडलेली असते. तीच सवय इथे घात करते, कारण दाटी ही नेहमीचीच गोष्ट आहे असं वाटत राहतं. लोकलमध्ये पुढचं स्टेशन येतं. इथे येत नाही.

अशा दाटीत माणसं पायाखाली येऊनच मरतात असं नाही. उभ्या उभ्या मरतात, कारण छाती फुगायला जागाच नसते. श्वास सोडला की छाती आत जाते, रेटा ती जागा भरून काढतो आणि पुढचा श्वास आधीपेक्षा लहान येतो. ५ नोव्हेंबर २०२१ ला ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्ड फेस्टिव्हलमध्ये दहा जण असेच गुदमरून गेले. तो हिप-हॉपचा कार्यक्रम होता, तेव्हा संगीत कुठलं यावर हे ठरत नाही.

डेन्मार्कमधल्या रोस्किल्ड फेस्टिव्हलची घटना यापेक्षाही शिकवून जाते. ३० जून २००० ला पर्ल जॅम हा बँड वाजवत असताना मंचासमोर काही माणसं पडली. पावसाने जमीन निसरडी झाली होती, मागून रेटा चालू होता, आणि पडलेल्यांच्या जागी झालेल्या खळग्यात पुढची माणसं कोसळत गेली. मंचावरून दिसेपर्यंत उशीर झाला होता. बँडने वाजवणं थांबवलं, गायकाने गर्दीला मागे सरकायला सांगितलं, तरी नऊ तरुण गेले. मागच्यांना पुढे काय चाललंय ते दिसत नसतं. ते फक्त बँड नीट दिसावा म्हणून एक पाऊल पुढे टाकत असतात. त्यानंतर रोस्किल्डने मंचासमोरचा भाग बॅरिकेडनी वेगळा करून आत मोजूनच माणसं सोडायला सुरुवात केली.

मग ओळखायचं कसं? मॉश गाण्याच्या ठेक्यावर हलतो आणि गाणं संपलं की थांबतो. चेंगराचेंगरीची गर्दी दोन गाण्यांच्या मध्येही हलत राहते, ठेक्याशी तिचा संबंध नसतो. तुमचे पाय तुम्ही न उचलता सरकायला लागले, हात खालून वर चेहऱ्यापर्यंत नेता येईना, आसपासचे लोक हनुवटी वर करून तोंडाने श्वास घेताना दिसले, पुढून "मागे सरका" असं ओरडणं ऐकू आलं, तर यातली एक खूणही पुरेशी आहे. आवडतं गाणं चालू असलं तरी निघा.

निघायचं ते असं: हात बॉक्सरसारखे छातीसमोर आणा, म्हणजे बरगड्यांपुढे वितभर जागा राहते. रेट्याला उलटा रेटा देऊ नका, ताकद वाया जाते आणि लाट वाढते. लाट आली की तिच्याबरोबर जा, ओसरली की त्या क्षणी कडेकडे तिरकं एक-दोन पावलं सरका. पुन्हा लाट, पुन्हा तिरकं. सरळ मागे जायचा प्रयत्न करू नका. ओरडण्यात श्वास घालवू नका, हाताने खुणा करा. खाली पडलेली वस्तू, अगदी फोनसुद्धा, सोडून द्या. पडलातच आणि उठता येईना, तर उताणे किंवा पालथे राहू नका; कुशीवर वळा, गुडघे पोटाशी, हात डोक्यावर. बॅरिकेडपाशी अडकला असाल तर सिक्युरिटीच्या डोळ्यांत बघून हात वर करा, ते वर खेचून घेतात.

मागे उभे असाल तर तुमचं काम सोपं आहे. पुढून "मागे" ऐकू आलं की तीन पावलं मागे या आणि तुमच्या मागच्यालाही सांगा.

कार्यक्रम सुरक्षेसाठी थांबवला तर चिडू नका. २८ ऑक्टोबर २०११ ला गुरगावात मेटालिकाचा भारतातला पहिला कार्यक्रम मंचासमोरच्या बॅरिकेडच्या सुरक्षिततेच्या प्रश्नामुळे आधी पुढे ढकलला आणि मग रद्द झाला. चिडलेल्यांनी मंचाची नासधूस केली. दोन दिवसांनी बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर तोच बँड व्यवस्थित वाजवून गेला. आयोजकांवर राग असणं रास्त होतं, पण कमकुवत बॅरिकेडसमोर हजारो माणसं उभी करण्यापेक्षा कार्यक्रम न होणं बरं.

८. क्राउड सर्फिंग आणि नको असलेले हात

डोक्यांवरून कुणी सरकत येत असेल तर तळवे वर करून त्याचं वजन पुढे ढकला. मान आणि कंबर सांभाळा, पाय धरा कारण बूट डोक्यात बसतात. स्वतः करणार असाल तर गर्दी दाट आहे का आणि पुढे बॅरिकेडमागे झेलणारे लोक आहेत का हे बघा. पन्नास माणसांच्या क्लबमध्ये मंचावरून उडी मारली की गर्दी बाजूला होते आणि तुम्ही फरशीवर. अनेक ठिकाणी यावर बंदी असते, बाहेर काढतात आणि पैसे परत मिळत नाहीत.

पिटमध्ये अंगाला अंग लागतं, पण मुद्दाम केलेला स्पर्श वेगळा असतो आणि तो ज्याला होतो त्याला तो नीट कळतो. असं कुणी केलं तर मोठ्याने ओरडून त्याच्याकडे बोट दाखवा. तुम्ही बघणारे असाल तर आधी त्या दोघांच्या मध्ये उभे राहा आणि जिला त्रास होतोय तिला विचारा की तिला काय हवंय: बाहेर जायचंय, त्याला बाहेर काढायचंय, की फक्त जागा बदलायची आहे. हिरोगिरी करून मारामारी सुरू केलीत तर सगळ्यांचं लक्ष मारामारीकडे जातं आणि ती मुलगी गर्दीत एकटी राहते. सिक्युरिटीला त्या माणसाचे कपडे, जागा नेमकी सांगा. सिक्युरिटीने दखल घेतली नाही तर बार मॅनेजर किंवा बँडच्या माणसांकडे जा. छोट्या गिगमध्ये गायकाला सांगितलं की तो माइकवरून थांबवतो, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिलं आहे. क्राउड सर्फिंग करणाऱ्यांच्या बाबतीतही हेच: वर झेलणं म्हणजे चाचपायची परवानगी नाही.

९. संपल्यावर

शेवटचं गाणं संपलं की सगळे एकाच दाराकडे निघतात. रेटा तिथेही तयार होतो, विशेषतः अरुंद जिन्यावर. दहा मिनिटं थांबा, पाणी प्या, ठरलेल्या जागी मित्र मोजा. शेवटची लोकल गाठायची असेल तर शेवटची दोन गाणी सोडून निघा, धावत जिना उतरू नका.

रात्री कानात शिट्टी वाजल्यासारखं वाटेल. सकाळपर्यंत ते बहुतेक वेळा ओसरतं. दुसऱ्या दिवशीही चालू असेल, किंवा एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर आठवडाभर वाट बघत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. अचानक कमी झालेल्या ऐकण्यावर उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.